चार ओंजळी तांदूळ

रमजानचा विसावा रोजा. मगरिबची बांग व्हायच्या आधी एक माणूस अंथरुणाची वळकटी काखेत मारून मशिदीत येतो. पिशवीत दोन जोड कपडे, टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या. कोपऱ्यात दोरी ताणून चादरीचा आडोसा करतो आणि आत बसतो. ईदचा चंद्र दिसल्याची बातमी येईपर्यंत आता हेच त्याचं घर. महिना एकोणतीसचा झाला तर नऊ रात्री, तिसाचा झाला तर दहा. याला एतिकाफ म्हणतात. शौचाला, वजू करायला किंवा आवश्यक अंघोळीला बाहेर जाता येतं. दुकान उघडं आहे की बंद, हे बघायला जाता येत नाही. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांची सुरुवात अशी एका माणसाच्या बसण्यानं होते.

हा माणूस एकटा बसलेला दिसतो, पण तो एकट्यासाठी बसलेला नसतो. हनफी जाणकार सांगतात की मोहल्ल्यातला एक जण जरी एतिकाफला बसला, तरी ही सुन्नत सगळ्या मोहल्ल्याच्या वतीनं पार पडते. कोणीच बसलं नाही, तर दोष सगळ्यांवर येतो. म्हणून त्याचा डबा ही एका घराची जबाबदारी राहत नाही. इफ्तारीची फळं एका घरातून येतात, रात्रीचं जेवण दुसऱ्या घरातून, आणि सहरीला पहाटे कुणाचा तरी पोरगा अर्धवट झोपेत गरम चहाचा थर्मास घेऊन पायऱ्या चढतो. त्या पोराच्या खात्यातही या दहा रात्रींचं काही तरी जमा होत असणार, असं मला मनापासून वाटतं.

पैगंबर मुहम्मद दरवर्षी रमजानचे शेवटचे दहा दिवस एतिकाफला बसत. ज्या वर्षी त्यांचं निधन झालं, त्या वर्षी वीस दिवस बसले. मदिनेत त्यांचं घर मशिदीला लागूनच होतं. हजरत आयशा सांगतात की एतिकाफात ते गरजेशिवाय घरात पाऊल टाकत नसत. पण मशिदीत राहूनच डोकं खोलीकडे झुकवत आणि त्या आपल्या खोलीतून त्यांचे केस विंचरून देत. मला हा प्रसंग फार आवडतो. जगापासून दूर बसायचं म्हणजे घरच्यांकडे पाठ फिरवायची, असा अर्थ त्यात कुठेच नाही. त्यांच्या आणखी एक पत्नी हजरत सफिय्या एकदा रात्री भेटायला आल्या, थोडा वेळ बोलत बसल्या, आणि निघताना ते उठून त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले. एतिकाफात मौन पाळायचं नसतं. वायफळ बोलणं मात्र सोडायचं असतं.

हे बिघडतं ते बहुतेक वेळा गप्पांपायीच. तरावीहनंतर चादरीच्या आडोशाशी चौघं जमतात, चहा येतो, गावच्या निवडणुकीपासून जमिनीच्या भावापर्यंत सगळं निघतं. हल्ली तर बाहेरचं जग हातातल्या मोबाइलवरूनच आत येऊन बसतं. पैगंबरांच्या काळातलीही एक आठवण नोंदलेली आहे. त्यांच्यासाठी मशिदीत छोटा तंबू ठोकला जाई. एका वर्षी घरातल्या एकीनं आपलाही तंबू लावला, ते बघून दुसरीनं, मग तिसरीनं. सकाळी ते तंबू पाहून त्यांनी विचारलं की यामागे खरंच पुण्याचा हेतू आहे का. आणि त्या रमजानात एतिकाफ सोडून दिला. तो नंतर शव्वालच्या दहा दिवसांत पुरा केला. एकमेकांकडे बघून केलेल्या भक्तीपेक्षा ती पुढे ढकललेली बरी, इतकं स्पष्ट त्यांनी करून दाखवलं.

एतिकाफ शेवटच्या दहा दिवसांतच का? कारण शबे कद्र या दहा रात्रींत शोधायला सांगितली आहे. कुरआन उतरायला सुरुवात झाली ती ही रात्र. सत्त्याण्णवावी सूरा अवघ्या पाच आयतींची आहे आणि सगळी या एका रात्रीबद्दल आहे. ही रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ, असं तिथं म्हटलं आहे. हजार महिने म्हणजे त्र्याऐंशी वर्षं आणि चार महिने. एका माणसाचं भरलेलं आयुष्य. पण ती नेमकी कुठली रात्र, हे सांगितलेलं नाही. विषम रात्री बघा, असं सांगितलं आहे: एकविसावी, तेविसावी, पंचविसावी, सत्ताविसावी, एकोणतिसावी. इस्लामी गणनेत रात्र आधी येते आणि दिवस मागून. म्हणून एकविसावी रात्र विसावा रोजा सुटला की लागते. आपल्याकडे सत्ताविसाव्या रात्रीवर अधिक भरवसा आहे. सव्विसावा रोजा सुटल्यावर मशिदी भरून जातात, बऱ्याच ठिकाणी तरावीहमधलं कुरआनाचं पठण त्याच रात्री पुरं होतं आणि मिठाई वाटली जाते. दुसऱ्या दिवशी मात्र पुष्कळांना वाटतं की रमजान संपलाच. एकोणतिसाव्या रात्री मागच्या रांगा मोकळ्या दिसतात. ज्या रात्रीची तारीख सांगितलेलीच नाही, तिची तारीख आपणच ठरवून टाकली की असं होतं.

तारीख का सांगितली नाही, याचं कारण हदीसमध्ये आहे आणि ते फार साधं आहे. पैगंबर एके दिवशी ही रात्र कुठली, ते सांगायलाच बाहेर आले होते. तेवढ्यात दोन माणसं आपसात भांडताना त्यांना दिसली आणि ते ज्ञान उचलून घेतलं गेलं. कदाचित तेच तुमच्या भल्याचं असेल, असंही ते म्हणाले. दोघांचं भांडण, आणि हातातोंडाशी आलेली खबर सगळ्यांच्याच हातून गेली. ती माणसं कोण होती, कशावरून भांडत होती, यात मला रस नाही. एका भांडणाची किंमत भांडणारे दोघंच मोजत नाहीत, घर मोजतं, गल्ली मोजते, हे आपण रोज बघतो. हजरत आयशांनी विचारलं होतं की ती रात्र मला लाभली तर मी काय मागू? त्यावर त्यांना सांगितली गेली ती दुआ फक्त माफीची आहे. धन नाही, दीर्घ आयुष्य नाही. देवाला माफ करणं आवडतं, तेव्हा मलाही माफ कर, एवढंच.

या दहा दिवसांत पैगंबर स्वतः रात्र जागवत आणि घरच्यांनाही उठवत. घरच्यांना उठवायचं, तर घरच्यांना अंगात त्राण असायला हवं. आपल्या घरांत सहरीचा स्वयंपाक, इफ्तारीची तयारी आणि ईदची साफसफाई या सगळ्यात बायकांच्या वाट्याला त्या रात्रींतलं काय उरतं, हे पुरुषांनी बघायला हवं. पाचपैकी दोन रात्री भांडी आपण घासली, तर कुणाला तरी नमाजच्या चटईवर तासभर शांतपणे बसता येईल. हनफी पद्धतीत बाईला घरातच, नमाजसाठी राखलेल्या जागी, एतिकाफला बसता येतं. ती बसली, तर तिचाही डबा कुणी तरी करायला हवा.

रात्रीची तारीख झाकून ठेवलेली आहे. फितऱ्याची वेळ मात्र अगदी उघडी आहे: ईदच्या नमाजला निघायच्या आत. फितरा म्हणजे रमजान संपताना माणशी द्यायचं धान्य. जकातीसारखा तो संपत्तीवर मोजत नाहीत, डोक्यांवर मोजतात. तान्ह्या बाळाचाही असतो. इब्न अब्बास यांच्या हदीसमध्ये त्याची दोन कारणं सांगितली आहेत. रोज्यात तोंडून जे फालतू किंवा वावगं बोलणं गेलं, ते धुऊन निघावं. आणि गरिबाला खायला मिळावं. उपास पोटानं चोख पाळला, तरी जीभ कुठे ना कुठे घसरतेच, हे धरून चाललेलं आहे. त्याच हदीसमध्ये पुढे म्हटलं आहे की नमाजआधी दिला तर तो स्वीकारलेला फितरा, नमाजनंतर दिला तर इतर दानांसारखंच एक दान. धान्य तेच, देणारा तोच, घेणारा तोच. मधे फक्त सकाळचे दोन तास गेलेले असतात. उशीर झाला म्हणून जबाबदारी टळत नाही, द्यावंच लागतं. पण ज्यासाठी द्यायचं होतं ती वेळ हातची गेलेली असते.

माप आहे एक साअ. साअ म्हणजे चार मुद्द, आणि एक मुद्द म्हणजे साधारण माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. चार ओंजळी झाल्या की एका माणसाचा फितरा झाला. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्यात जे रोजचं मुख्य अन्न, तेच धान्य द्यायचं असतं. म्हणजे तांदूळ, माणशी अडीच किलोच्या आसपास. रत्नागिरीकडचं एक घर धरू. आजी, नवरा-बायको, शाळेतली दोन मुलं आणि महिन्याभराचं बाळ. सहा डोकी, पंधरा किलो तांदूळ. मुंबईला नोकरी करणारा धाकटा दीर आपला आपण देईल. बाळ जर रमजानच्या शेवटच्या दिवशी सूर्य मावळल्यावर जन्मलं असतं, तर शाफई हिशेबात त्याचा फितरा लागला नसता. हनफी हिशेबात ईदच्या पहाटेआधी जन्मलेल्याचाही लागतो. आखातात कामाला असलेल्या मुलानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिकडे ईद बहुतेकदा आपल्या एक दिवस आधी येते. त्यानं घरी पैसे पाठवून आपला फितरा द्यायला सांगितला, तर तो त्याच्या तिकडच्या नमाजआधी दिला गेला पाहिजे, इथल्या नव्हे. शाफई पुस्तकांत तर फितरा माणूस जिथं आहे तिथल्याच गरिबांचा मानला आहे. तेव्हा मशिदीच्या इमामांना आधी विचारून घेतलेलं बरं.

आमच्या शेजारच्या चाची तांदूळ वजनकाट्यावर घालत नाहीत. सूप पुढ्यात घेतात, खडे वेचतात, प्रत्येकाचं नाव घेऊन चार चार ओंजळी पिशवीत टाकतात आणि वर एक मूठ घालतात. किलोनं मोजता येत असताना हे कशाला, असं त्यांच्या नातवानं विचारलं. त्या म्हणाल्या, "बाळा, माझे हात आता आटलेत. मूठभर जास्तच जाऊ दे." आणि तांदूळ कुठला, तर जो त्यांच्या घरी शिजतो तोच. फितऱ्यासाठी वेगळा, हलका तांदूळ दुकानातून आणलेला नाही.

ही शेवटची बाब मोठी आहे. हनफी पद्धतीत खजूर, जव किंवा मनुका पूर्ण साअ आणि गहू अर्धा साअ असं माप आहे. किंमतही दिली तर चालते, म्हणून शहरांतून बहुतेक लोक पैसेच देतात. गहू अर्धाच का? अबू सईद खुदरी यांनी याची हकीकत सांगून ठेवली आहे. पैगंबरांच्या वेळी आम्ही एक साअ देत असू. पुढे मुआविया आले तेव्हा शामचा गहू मदिनेत येऊ लागला होता. त्यांचं म्हणणं पडलं की हा दोन मुद्द गहू एक साअ खजुराच्या तोडीचा आहे. लोकांनी ते उचललं. अबू सईद स्वतः मात्र आयुष्यभर पूर्ण साअ देत राहिले. हनफी जाणकारांचे यापलीकडेही आधार आहेत, पण या हकीकतीत एक गोष्ट लख्ख दिसते. त्या काळी गहू महाग होता. आज बरोबर उलटं झालं आहे. गहू सगळ्यांत स्वस्त, खजूर आणि मनुका कितीतरी महाग. मशिदीच्या फळ्यावर गहू, जव, खजूर, मनुका असे चारही दर लिहिलेले असतात. आणि बंगल्यातला माणूसही गव्हाचाच दर विचारून मोकळा होतो. त्याचा फितरा होतो, त्यात शंका नाही. पण ज्याच्या इफ्तारीला रोज उंची खजूर होता, त्यानं खजुराच्या दरानं द्यावा. जाणकारही सधन माणसाला हेच सुचवत आले आहेत.

आता वेळेचं. नमाजआधी म्हणजे ईदगाहच्या दाराशी, अशी अनेकांची समजूत असते. रांगेत उभ्या हातांवर नोटा ठेवत आत जायचं. नियमात ते बसतं. पण घेणाऱ्याकडून बघा. ज्या दिवशी कुणावर हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून हे धान्य ठरवलं, त्याच सकाळी तो माणूस पोरांना घरी ठेवून दाराशी उभा आहे. त्याच्या घरी शिरखुर्म्याचं दूध कोण तापवणार? ईदगाहच्या दाराशी रांग लांब दिसली, की त्या गावचा फितरा उशिरा निघाला असं खुशाल समजावं. इब्न उमर ईदच्या एक-दोन दिवस आधीच फितरा पोचवत. मदिनेत तो आधीच गोळा होत असे आणि राखायला माणूस बसवलेला असे; अबू हुरैरा यांनी ती राखण केल्याची नोंद आहे. हनफी आणि शाफई, दोघंही रमजानात आधी द्यायला मोकळीक देतात. त्यात एकोणतिसावा रोजा सुटल्यावर चंद्राचा भरवसा नसतो. आठ वाजता चंद्र दिसल्याची खबर आली, की बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही आणि आठवण होते ती स्वतःच्या कपड्यांची. शेजारच्या घरी पिशवी पोचते मध्यरात्री. तोवर दूधवाला आणि किराणा दुकान बंद झालेलं असतं.

आणि द्यायचं कुणाला? सूरे बकरात अशा गरजवंतांचा उल्लेख आहे, जे मागत नाहीत म्हणून अजाण माणसाला खातेपिते वाटतात. ते रांगेत सापडत नाहीत. गेल्या वर्षी नवरा गेलेली, घरी शिलाई करणारी बाई. पाठीच्या दुखण्यानं रिक्षा बंद ठेवलेला माणूस. त्यांची स्थिती मशिदीच्या कमिटीपेक्षा गल्लीतल्या किराणावाल्याला जास्त ठाऊक असते, कारण उधारीची वही त्याच्याकडे असते. त्याला बाजूला घेऊन हळूच विचारावं. सख्खा गरीब भाऊ किंवा बहीण असेल, तर त्यांनाही देता येतो. आपल्या आईवडिलांना आणि मुलांना नाही, कारण त्यांना पोसणं हे आपलंच काम. देताना फितरा आहे असं तोंडानं सांगायची गरज नसते. देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे. ईदचा शिधा म्हणून पिशवी दिली आणि दोन मिनिटं बसून मुलांची चौकशी केली, तर घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

आज कामाला निघण्याआधी पाच मिनिटं असतील, तर घरातली डोकी मोजा. जे धान्य आपण खातो, तेच माणशी मोजून बाजूला काढा, नाहीतर त्याचे पैसे पाकिटात घाला. एतिकाफला कोण बसलंय आणि उद्याच्या सहरीचा डबा कुणाकडे आहे, तेही विचारून घ्या. आणि ती पिशवी सत्ताविसाव्या रोज्याच्या आत, दिवसाउजेडी, स्वतः नेऊन द्या.